तीन दिवसांच्या गूळ-काकवी कार्यशाळेचं रेकॉर्डिंग: दिवसाला एक पान कसं काढायचं?

सुजाता_करवीर

नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी गटानं करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. पहिला दिवस वर्गात, रस आणि ढेपेच्या गुळाचा. दुसरा काहिलीपाशी, काकवीचा. तिसऱ्या दिवशी गूळ पावडर, पॅकिंग आणि उरलेले प्रश्न. सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलंय, रोजचे चार-साडेचार तास. आता गटातल्या सगळ्यांचं म्हणणं एकच: "ताई, एवढा व्हिडिओ कोण बघणार? दिवसाला एक पान काढून द्या, भिंतीला लावतो."

काम माझ्याकडं आलंय. थोडं थोडं ऐकून बघितलं तर सर एका गोष्टीचे तीन तीन आकडे सांगतात. पहिल्या दिवशी म्हणाले ११८ अंशाला उतरवायचं. दुसऱ्या दिवशी १०५-१०६. तिसऱ्या दिवशी १२० च्या वर. सायट्रिक ॲसिडचं पण तसंच, एकदा "चाळीस" ऐकू येतं, एकदा "चारशे". भेंडीच्या वेळी तर सर नुसतं "एवढी घ्यायची" म्हणतात आणि कॅमेरा त्यांच्या पाठीवर!

यातलं कुठलं धरायचं? की ज्या दिवशी जे बोलले ते त्या दिवसाच्या पानावर तसंच लिहून मोकळं व्हायचं?

खाऊगल्ली

ताई काकवी विकायला काढली की इथं सांगा. आमच्याकडं पुण्यात मिळते ती निव्वळ साखरेचा पाक वाटते. लिटरला काय भाव धरणार?

सुजाता_करवीर

दादा, विक्रीचा धागा नाही हो हा. टिपणं काढायचीत.

आबा_गुऱ्हाळवाले

सर काय चुकल्यालं न्हाईत. ताई, तिन्ही आकडे बरोबर हाईत, फक्त माल येगळा. ढेपंचा गूळ ११६ ते ११८ ला उतरायचा. काकवी १०५-१०६ ला. पावडर करायची तर १२० ते १२२. आमच्या येळंला थर्मामीटर कुठला, गार पाण्यात पाक टाकून गोळी बघायची. भिंतीवर नुसतं "११८ ला उतरवा" लिवलंसा आन एखाद्या पोरानं ते बघून काकवी केली, तर बाटलीत भरायच्या ऐवजी ढेपच हुईल. मग बसा फोडत.

सुजाता_करवीर

आबा, हे लक्षातच नव्हतं आलं. म्हणजे "उतरवायचं तापमान" असा शब्द तिन्ही दिवस तोच, पण माल वेगळा.

प्रसाद_सॉफ्टवेअर

माझं मत: दिवसवार काढूच नका. विषयवार करा. तापमान एका ठिकाणी, रसायनं एका ठिकाणी, स्वच्छता एका ठिकाणी. दिवस काय, कार्यक्रमपत्रिकेच्या सोयीसाठी असतात. आधी शब्दन् शब्द उतरवून घ्या, मग कापत कापत छोटं करा. फाइल्स तुकड्यांत असतील तर आधी जोडून घ्या. ffmpeg टाका आणि `yadi.txt` मध्ये फाइलींची नावं क्रमानं लिहा:

```
file 'VID_01.mp4'
file 'VID_02.mp4'
```

मग

```
ffmpeg -f concat -safe 0 -i yadi.txt -c copy divas2.mp4
```

अख्खा दिवस एका फाइलीत येतो, वेळ सलग मिळते. VLC मध्ये `]` दाबलं की वेग वाढतो, `[` नं कमी होतो.

टिपणकार

सुजाताताई, प्रशिक्षणांचे अहवाल आणि टिपणं काढण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फाइली जोडायचा प्रसाद यांचा सल्ला चांगला आहे, पण एक अट आहे. `-c copy` वापरलं की सगळे तुकडे एकाच फोनवर, एकाच सेटिंगवर घेतलेले लागतात. मध्येच दुसऱ्या कुणाच्या मोबाईलचा तुकडा घातलात तर चित्र अडकतं किंवा आवाज पुढंमागं होतो. तसं असेल तर जोडू नका, फाइलीचं नाव आणि तिच्यातली वेळ अशी जोडी लिहा. नुसतं "१४:२०" लिहिलं तर चार दिवसांनी तुम्हालाच कळणार नाही की कुठल्या फाइलीतलं.

शब्दन् शब्द उतरवायच्या भानगडीत मात्र पडू नका. तासाभराच्या बोलण्याला हातानं उतरवायला चार-पाच तास सहज जातात, आणि तुम्हाला हवंय पान, पोथी नव्हे. त्याऐवजी नोंदवही करा. चारच रकाने: वेळ, कोण बोललं, काय म्हणालं, आणि ते कसलं आहे. "कसलं" या रकान्यात पाचांपैकी एकच शब्द: कृती, आकडा, मत, प्रश्न, दुरुस्ती. वेग थोडा वाढवून सलग ऐकत जायचं, थांबायचं फक्त आकड्याला आणि दुरुस्तीला. गप्पा, चहा, कुणाचा फोन वाजला, सगळं सोडून द्यायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिन्ही दिवसांची नोंदवही पूर्ण होईपर्यंत एकही पान लिहू नका, आणि पहिल्या दिवसाचं पान सगळ्यात शेवटी लिहा. शिकवणारा माणूस पहिल्या दिवशी ढोबळ बोलतो, कारण समोरच्यांना किती माहिती आहे ते त्याला ठाऊक नसतं. दुसऱ्या दिवशी काहिलीपाशी प्रश्न येतात, तो नेमकं सांगतो. तिसऱ्या दिवशी म्हणतो, "परवा मी म्हटलं होतं ना, ते ढेपेसाठी." हे शेवटचं वाक्य पहिल्या दिवसाच्या पानावर गेलं पाहिजे. दिवस उलटेल तशी पानं लिहीत गेलात तर ते तिसऱ्या दिवसाच्या पानावर अडकून पडतं, आणि भिंतीवर फक्त पहिलं पान लागलं असेल तर कुणाला दिसतच नाही.

प्रसाद_सॉफ्टवेअर

मग विषयवारच बरं नाही का? दुरुस्ती आपोआप योग्य जागी बसेल.

टिपणकार

तुमचं अर्धं बरोबर आहे. नव्या माणसासाठी पुस्तिका करायची असेल तर विषयवारच करावी. पण ही पानं तिथं बसलेल्या लोकांसाठी आहेत. त्यांना आठवतं ते "दुसऱ्या दिवशी सर काहिलीजवळ उभे राहून सांगत होते ते" असं. पान दिवसाचं असलं की त्याला हाताशी धरून बाकीचं आठवतं, आणि शंका आली तर त्या दिवसाचा व्हिडिओ कुठं उघडायचा तेही कळतं. म्हणून दिवस ठेवा, पण प्रत्येक आकड्याला माल चिकटवा.

ताईंचंच उदाहरण घेऊ. नोंदवहीत ओळी साधारण अशा येतील (वेळा मी मनानं घातल्यात):

दि१, फाइल २, ३१:०५ – सर – ११८ ला उतरवायचं – आकडा
दि२, फाइल १, ५२:४० – सर – १०५-१०६ झालं की काढा – आकडा
दि३, फाइल १, ०८:१५ – सर – पावडरीला १२० ते १२२ – आकडा
दि३, फाइल १, ०९:३० – सर – ११८ म्हटलेलं ते ढेपेचं – दुरुस्ती

यावरून पहिल्या दिवसाच्या पानावर ओळ येते: "ढेपेचा गूळ: पाक ११६ ते ११८ अंश सेल्सिअसला उतरवा. काकवी आणि पावडर यांचे आकडे वेगळे आहेत, दुसरं आणि तिसरं पान बघा." शेवटचं वाक्य सरांनी त्या दिवशी म्हटलेलं नाही. तरी ते तिथं हवंच.

आबा_गुऱ्हाळवाले

ह्ये झ्याक केलंसा. अजून एक लिवा, थर्मामीटर काहिलीच्या तळाला टेकवायचा न्हाई. तळाला टेकला की आकडा जास्त दावतो.

टिपणकार

आबा, सांगितलंत ते खरं आहे, पण सरांनी रेकॉर्डिंगमध्ये सांगितलंय का? नसेल तर पानावर वेगळ्या चौकटीत "गटातल्या जाणत्यांकडून" असं लिहून घालावं. सरांच्या तोंडी घालू नये.

मीना_शिक्षिका

हाच घोळ आमच्याकडं झाला होता. शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. टिपणं ज्यांनी काढली त्यांनी सगळं एकाच सुरात लिहिलं. मागच्या बाकावरच्या एका गुरुजींनी "आमच्या शाळेत आम्ही असं करतो" म्हणून सांगितलेली पद्धत प्रशिक्षकांनीच सांगितली असं टिपणात आलं. नंतर तीच जिल्हाभर फिरली. प्रशिक्षकांनी तर तेव्हा फक्त मान हलवली होती, पुढं जायचं म्हणून.

शिवाय ती टिपणं सतरा-अठरा पानांची. कुणी उघडली नाहीत ती वेगळंच.

सुजाता_करवीर

मीनाताई, आमच्याकडं अगदी हेच आहे! भेंडीच्या वेळी सर "एवढी" म्हणाले, तेव्हा मागून कुणीतरी ओरडून किलोचा एक आकडा सांगितला. सर "हं" म्हणाले आणि मळी काढायचं दाखवायला लागले. आवाज नीट नाही, चरक चालू होता. तो आकडा लिहू का?

टिपणकार

नका लिहू. "हं" म्हणजे होकार नव्हे. काहिलीपाशी उभा असलेला माणूस दहा गोष्टी एकदम बघत असतो, तो सगळ्यालाच "हं" म्हणतो. पानावर लिहा: "भेंडीचा रस कधी आणि कसा घालायचा ते दाखवलं (दि२, फाइल २). प्रमाण रेकॉर्डिंगमधून कळत नाही, सरांना विचारलं आहे." आणि खाली रिकामी ओळ ठेवा. आकड्यासाठी ठेवलेली रिकामी जागा बघून माणूस फोन तरी करतो, चुकीचा आकडा बघून तो सरळ कामाला लागतो.

राजारामपुरी_नववी_गल्ली

तिथं बाकीच्यांनी पण मोबाईलवर फोटो, व्हिडिओ काढले असतील की. कुणाच्या तरी फोटोत सरांच्या हातातली जुडी दिसल. ग्रुपवर मागवा.

टिपणकार

उत्तम सुचवलंत. फक्त व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून मागवू नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि आत नोंदलेली काढल्याची वेळ निघून जाते. मूळ फाइल आली तर वेळेवरून ती रेकॉर्डिंगच्या नेमक्या मिनिटाशी जुळवता येते. फळ्याचे फोटोही असेच मागवा. सर बोलताना जे गाळतात ते बऱ्याचदा फळ्यावर असतं.

सुजाता_करवीर

मागवलेत. आता सायट्रिकचं. नोंदवहीत आहे ते असं: दुसऱ्या दिवशी "शंभर किलोला चाळीस ग्रॅम". तिसऱ्या दिवशी कुणीतरी परत विचारलं तर "किलोला चारशे". पुढचा शब्द खोकल्यात गेला. ग्रॅम तर असणार नाही, पण आमच्या गटात एकजण ठामपणे म्हणतोय की शंभर किलोला चारशे ग्रॅम.

प्रसाद_सॉफ्टवेअर

दोन वेगळे आकडे असतील तर नंतरचा धरायचा. नंतर सांगितलं म्हणजे सुधारून सांगितलं.

टिपणकार

इथं तो नियम लावू नका. आधी दोन्ही एका मापात आणा. किलोला चारशे मिलिग्रॅम, म्हणजे शंभर किलोला चाळीस हजार मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस ग्रॅम. दोन्ही दिवस सर एकच सांगतायत, टक्क्यात ०.०४. खोकल्यात गेलेला शब्द "मिलिग्रॅम" आहे. तुमच्या गटातल्या गृहस्थांनी "चारशे" तिसऱ्या दिवसाचा आणि "शंभर किलो" दुसऱ्या दिवसाचं घेतलं. त्यामुळं दहापट झालं.

नंतरचा आकडा धरायचा तो फक्त सरांनी स्वतः "परवाचं बदला" असं म्हटलं असेल तर. नाहीतर मापं जुळवून बघायची, आणि तरी जुळलं नाही तर विचारायचं.

अजून एक बघा. शंभर किलो कशाचे? रसाचे की तयार काकवीचे? रस आटून काकवी फारच थोडी उरते. रसाच्या वजनावर हिशोब केला तर पुन्हा कितीतरी पट जास्त पडेल.

सुजाता_करवीर

आत्ता परत ऐकलं. दुसऱ्या दिवशी सांगितलंच नाहीये कशाचे ते. तिसऱ्या दिवशी पॅकिंगच्या वेळी म्हणतात, "तयार काकवीच्या वजनावर बरं का, रसाच्या नव्हे. बाटलीत खडे धरू नयेत म्हणून."

टिपणकार

मग दुसऱ्या दिवसाच्या पानावर असं लिहा: "सायट्रिक ॲसिड: १०० किलो तयार काकवीला ४० ग्रॅम (म्हणजेच किलोला ४०० मिलिग्रॅम). कशासाठी: साखरेचे खडे धरू नयेत म्हणून. दि२ फाइल ३, दि३ फाइल २." दोन्ही मापं मुद्दाम ठेवा. ज्याच्या कानात "चारशे" बसलंय त्याला ते पानावर दिसलं पाहिजे, नाहीतर तो म्हणेल पानच चुकलंय.

आबा_गुऱ्हाळवाले

आमी तर घालतच न्हाई. काकवी ताजी खायाची की, खडे कशाला धरतील.

मीना_शिक्षिका

आबा, तुम्ही घरी खाता, त्यांना बाटल्या विकायच्यात.

सुजाता_करवीर

अजून एक अवघड जागा. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, "सर, हायड्रॉस टाकल्याशिवाय गुळाला रंग येत नाही, गिऱ्हाईक पिवळाधमक मागतंय, काय करायचं?" सर म्हणाले, "टाका की मग. पोतंभर टाका. आणि कुणी तपासायला आलं की माझा नंबर द्या." सगळे हसले. पुढं सर दुसऱ्या प्रश्नाकडं वळले. आता हे लिहायचं कसं? "सर म्हणाले टाका" असं लिहिलं तर आमचा सत्यानाश!

राजारामपुरी_नववी_गल्ली

😂 सर कोल्हापूरचेच दिसतायत.

टिपणकार

नुसतं वाचून टिपण काढणारा इथंच फसतो. कागदावर हशा उतरत नाही. नोंदवहीत "मत, उपरोध" असं लिहा आणि पुढं शोधा. असा टोमणा मारणारा माणूस नंतर कुठंतरी ते सरळ शब्दांत सांगतोच. सापडलं तर तेच पानावर घ्या आणि टोमणा सोडून द्या.

सुजाता_करवीर

सापडलं! तिसऱ्या दिवशी पॅकिंगच्या नियमांत. "गुळात सल्फर डायऑक्साइड ७० पीपीएमच्या वर चालत नाही. रंगासाठी हायड्रॉस मारलं की तुम्ही तिथंच अडकता. रंग हवा तर ऊस चांगला घ्या, मळी वेळेवर काढा."

टिपणकार

आता हे पहिल्या दिवसाच्या पानावर न्या, कारण प्रश्न त्या दिवशीचा आहे आणि लोकांच्या डोक्यात तो हशाच राहिला असणार. "प्रश्न: रंगासाठी हायड्रॉस टाकावं का? उत्तर (दि३): नाही. गुळात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम. रंगासाठी चांगला ऊस आणि वेळेवर मळी काढणं." विचारणाऱ्याचं नाव घालू नका.

प्रसाद_सॉफ्टवेअर

नाव का नको? कुणी विचारलं ते आठवलं की उत्तरही आठवतं. माझा अनुभव आहे.

आबा_गुऱ्हाळवाले

आवो पान भितीला लागनार हाय. येणारंजाणारं वाचनार, "ह्यो हायड्रॉस मारतोय" म्हणनार. त्याची ढेप बाजारात कोन घेईल?

प्रसाद_सॉफ्टवेअर

बरं, हायड्रॉसवाल्याचं नको. पण बाकीच्यांची घालायला काय हरकत आहे? मला तरी पटलेलं नाही.

मीना_शिक्षिका

भाषेचं काय ठरवलंय? आमच्याकडं "द्रावणाचा सामू समायोजित करावा" असलं लिहिलेलं, कुणालाच कळलं नाही. सर जर "चुन्याची निवळी घालून रस जरा गोड्यावर आणा" असं बोलले असतील तर तसंच ठेवा ना.

टिपणकार

कृती सरांच्या शब्दांत ठेवा, आकडा मोजमापाच्या शब्दांत. "गोड्यावर आणा" छान आहे, पण त्याच्या पुढं सामू किती ते सरांनी सांगितलं असेल तर तेही हवं. पट्टी बुडवून बघणाऱ्याला "गोडं" दिसत नाही, आकडा दिसतो.

आणि लांबी. एका दिवसाच्या पानावर सात-आठ ओळींच्या वर जाऊ नका. कुठली ओळ राहील आणि कुठली जाईल हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारतो: काहिल चुलवाणावर असताना हे बघायला कोणी भिंतीकडं येईल का? उतरवायचं तापमान बघायला येईल. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन कधी मिळालं ते बघायला येणार नाही. ते सरांनी कितीही रंगवून सांगितलेलं असू दे.

सुजाता_करवीर

😄 त्यावर पाऊण तास गेलाय पहिल्या दिवशी. ऐकायला छान होतं खरं.

दुसऱ्या दिवसाचं पान असं झालंय, बघा बरं:

दिवस २, काकवी (काहिलीपाशी)
– चुन्याची निवळी घालून झाल्यावर पहिली मळी येते, ती लगेच काढा. उकळी फुटल्यावर काढायला गेलं तर ती रसात परत मिसळते. (फाइल १)
– भेंडीचा रस: कसा घालायचा ते फाइल २ मध्ये. प्रमाण: ________ (सरांना विचारलंय)
– काकवी १०५-१०६ अंश सेल्सिअसला उतरवा. ढेप आणि पावडर यांचे आकडे वेगळे, पान १ आणि ३. (फाइल १)
– सायट्रिक ॲसिड: १०० किलो तयार काकवीला ४० ग्रॅम = किलोला ४०० मिलिग्रॅम. (फाइल ३, दि३ फाइल २)
– लगेच बाटलीत भरायची नाही, गाळ खाली बसू द्यायचा. (दि३ फाइल २)
– गटातल्या जाणत्यांकडून: थर्मामीटर तळाला टेकवू नका.

टिपणकार

चांगलं झालंय. एकच. "गाळ बसू द्यायचा" इथं किती दिवस, ते सरांनी सांगितलं असेल तर घाला. नाहीतर कुणी रात्रभर ठेवेल, कुणी महिनाभर.

सुजाता_करवीर

"आठ-दहा दिवस" म्हणालेत. घालते.

आबा_गुऱ्हाळवाले

ताई, पान लॅमिनेट करून घ्या. आन चुलवाणाच्या बाजूला लावू नका, जळव्याच्या बाजूला धग लई असती. वाफ्याच्या बाजूला लावा.

खाऊगल्ली

म्हणजे बाटल्या दहा दिवसांनी तयार. भाव सांगितलाच नाहीत ताई.

सुजाता_करवीर

सरांचा फोन लागला. भेंडीचं म्हणाले, "रसाप्रमाणं बदलतं, लिहून पाठवतो." तोवर ती ओळ रिकामीच ठेवून तिन्ही पानं ग्रुपवर टाकतेय. एका फोटोत जुडी दिसतेय, पण सरांचा अंगठा मध्ये आलाय.